टिंबाचा कैवारी

छापखान्यातले मुद्रितशोधक नाना, गल्लीच्या भाषेत ‘टिंबनाना’, यांचं जन्मभर एकच भांडण: शब्दावरचं न उच्चारलं जाणारं टिंब काढायचं नाही. ‘दांत’वरचं टिंब म्हणजे मूळच्या ‘दन्त’ची खूण, ‘पांच’वरचं ‘पञ्च’ची. बोलताना अनुनासिक गेलं, म्हणून लिहिण्यातून पुसायचं? “आज टिंब काढा, उद्या आजोबांचं नावही काढा,” असं ते मेहुण्याला सुनवत.

मेहुणा प्राथमिक शाळेत मास्तर. तो म्हणे, “भाऊजी, तुमचे आजोबा पोरांनी का पाठ करायचे? ऐकू येतं ते लिहावं, सुटावं.” लग्नाच्या पंगतीतही दोघे यावरून भांडत, नानांची बायको मधे बसून जेवण संपवी. पुढे लेखनाचे नियम बदलले, ती टिंबं गेली. नानांनी आपल्या बाजूने एक पुस्तक स्वखर्चाने छापलं. खपलं नाही, हे सांगायला नकोच.

मग नानांना झटका आला. जीभ वाचली, वाचन गेलं. वाचा-उपचारवाल्या बाईंनी समजावलं: वाचायच्या वाटा दोन. एक, अख्खा शब्द डोळ्यांनी ओळखायचा. दुसरी, अक्षरांचा आवाज काढून कानांनी ओळखायचा. नानांची पहिली वाट बंद झाली होती. इंग्रजी ‘नाइफ’मधला मुका ‘के’ ते खुशाल उच्चारत. ‘चमचा’ही आधी चहातल्या ‘च’ने वाचत, कानाला खटकलं की सुधारत. आपली लिपीही पुरती सरळ नाही तर!

पण स्वतःचं पुस्तक उघडलं आणि घात झाला. “दान्त... पान्च...” आवाज निघे, अर्थ लागेना. आपलंच लिहिलेलं आपल्याला परकं! नाना दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले.

मुलगी छपाईची अक्षरजुळणी करायची. तिने पुस्तकाचं पहिलं प्रकरण ती टिंबं काढून नव्याने जुळवलं. “घ्या, आता येईल.”

नाना वाचू लागले. आवाज निघाला, अर्थ लागला, चेहरा उजळला. मग ते वाक्य आलं: “‘दात’ असे न लिहिता ‘दात’ असेच लिहावे, हे...”

नाना थांबले. पुन्हा वाचलं.

“यात काय म्हटलंय गं?”

“तुमचंच आहे, नाना.”

“माझं? वेड्याचं दिसतंय.”

टिंब ठेवलं तर वाचता येत नव्हतं, काढलं तर वाचायला काही उरत नव्हतं.

“पुस्तक माळ्यावर टाक,” नाना म्हणाले. “रोजचा पेपर आण. त्यात तसली टिंबं नसतात.”

मेहुणा भेटायला आला, तेव्हा नाना बातमी अक्षर-अक्षर लावत होते. घरात कुणी ऐकत नव्हतं. “बोला मास्तर,” नाना म्हणाले, “जिंकलात. पेढे कुठायत?”

बाहेर आल्यावर मास्तर भाचीला म्हणाला, “त्यांना भांडायला लाव गं कशावरून तरी.”

नाना नंतर कशावरूनच भांडले नाहीत.