कानशीनं घासलेलं नाव

मी सापगावातून निघाले त्या दिवशी बाबांनी रडारड होऊ दिली नाही. गाडी दारात उभी, आई डब्यातल्या चटणीची पुडी तिसऱ्यांदा गुंडाळत होती, आणि बाबा वजनकाट्यावर बॅग ठेवून "तेवीस भरतंय, चालंल" म्हणत होते. मग त्यांनी खिशातून एक रुमाल काढला. रुमालात पणजोबांचं मेडल. चांदीचं, रुपयापेक्षा मोठं, एका बाजूला राजाचं डोकं.

"ह्ये घेऊन जा गो. इंग्रजाचं हाय, इंग्रजाच्या गावात कुनाला तरी कळंल. आजा पळून आलेला नव्हता, येवढं लिवून आन."

बाबांचा आजा, म्हणजे माझा पणजोबा. मी गाडीत बसले. रस्ताभर मेडल हातात धरलं होतं आणि मनात म्हणत होते, मी तिथं म्हाताऱ्यांची सेवा करायला चाललेय, बाबांची वकिली करायला नाही.

आता या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मी इंग्लंडातल्या एका छावणीच्या गावात वृद्धाश्रमात नर्स आहे. तुम्ही विचारता तिथं कसं वाटतं, तर खरं सांगते, पाय दुखतात. बारा तासांची शिफ्ट, मग बसची वाट, मग भात. शहापूरचा तांदूळ इथं मिळत नाही आणि जो मिळतो तो शिजल्यावर एकमेकांशी बोलत नाही. मला इथं आणलं ते एका एजन्सीनं, आमच्यासारख्या चाळीसजणींना एकाच वेळी. माणसं कमी पडली की दार उघडतात. पुरेशी झाली की लावतात. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पणजोबाच्या गोष्टीतून कळलं, तेही उशिरा.

पणजोबा मुरबाड तालुक्यातल्या एका महारवाड्यातला. त्याच्या आज्याच्या काळी आमची माणसं मुंबईच्या फौजेत सहज भरती व्हायची. त्या फौजेची रीत अशी की एकाच कंपनीत सगळ्या जातींचे शिपाई, आणि बढती नोकरीच्या वर्षांवर. आमच्यातला सुभेदार झाला तर वरच्या जातीच्या शिपायालाही त्याला सलाम ठोकावा लागायचा. गावात ज्याची सावली चालत नव्हती त्याचा हुकूम तिथं चालायचा. पगार सात रुपये, त्यातूनच स्वतःचं खाणं, पण पगाराहून त्या सलामाचं अप्रूप जास्त असणार, असं मला वाटतं. शिपायांच्या पोरांना पलटणीच्या शाळेत अक्षर मिळायचं, पोरींनाही. आणि मग साहेबांच्या डोक्यात आलं की काही जाती लढवय्या आणि काही नाहीत. आम्ही नाहीत. ज्यांनी त्यांच्याच लढाया लढल्या त्यांची भरती अठराशे नव्वदनंतर बंद. निवृत्त झालेल्यांनी सरकारला अर्ज लिहिले, आमच्या नोकरीत काय खोट दिसली ते तरी सांगा म्हणून. उपयोग झाला नाही.

पहिलं महायुद्ध पेटलं, माणसं कमी पडायला लागली, आणि तीच जात पुन्हा लढवय्यी झाली. खास महारांची पलटण उभी राहिली. पणजोबा विशीचा होता. पगार अकरा रुपये, आणि लढाईपुरतं राशन फुकट. गावात येसकरपाळी म्हणजे दिवसभर वेशीवर राबायचं, मेलेलं ढोर ओढायचं आणि संध्याकाळी घरोघर भाकर मागायची. त्या माणसाला कुणी म्हणालं की दोन वेळचं जेवण सरकार देईल, बूट देईल आणि पगारातला काही भाग मनिऑर्डरनं आईला जाईल, तर तो राजासाठी गेला की ताटासाठी, हे विचारायची गरजच काय? बाबा मात्र नेहमी म्हणायचे, "इमानदारीनं गेला." बाबांचं ऐकावं आणि सोडून द्यावं.

तो कुठल्यातरी वाळूच्या बंदरावर गेला, आणि युद्ध संपल्यावर वर्षा-दोन वर्षांत परत आला. पेन्शन नाही, वर्दी नाही, हातात थोडी बिदागी. गावानं सांगितलं, पाळी तुझी. त्यानं नाही म्हटलं. गाव सोडलं आणि खर्डीजवळ रेल्वेच्या रुळावर खडी टाकायच्या कामाला लागला. मग आमच्या मुरबाडच्या भावकीनंच गोष्ट रचली: पेन्शन नाही म्हणजे पळून आला. गावात राहिला नाही म्हणजे तोंड दाखवायला जागा नव्हती. मेडलही बाजारातून घेतलंय, बघा ना, नाव कुठंय त्यावर?

खरंच, मेडलवर नाव नव्हतं.

मी निघायच्या आधीच्या वर्षी मुरबाडकडच्या आमच्या मूळ गावच्या विहारात फलक लावायचं ठरलं, गावातून फौजेत गेलेल्यांच्या नावांचा. दुसऱ्या महायुद्धात भरती झालेले दोघे चढले, त्यांची पेन्शनची पुस्तकं होती. बाबा मेडल घेऊन गेले. त्यांचा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, पुरावा आना मग लिवू." बाबा मेडल घेऊन परत आले. ते मेडल म्हणून माझ्या रुमालात.

पहिली काही वर्षं मी शोधलं. कचेऱ्यांना पत्रं लिहिली, सुट्टीच्या दिवशी लंडनला जाऊन कागदांपुढं बसले. गोऱ्या अधिकाऱ्यांचे कागद ढीगभर, त्यांच्या घोड्यांच्या आजारपणाचेही. साध्या शिपायाचा कागद पलटणीत राहायचा, आणि पलटण मोडली की त्याचं काय झालं ते कुणालाच माहीत नाही. तिथल्या बाईनं फार सौम्यपणे विचारलं, युद्धात वारले का ते? वारलेल्यांची यादी आहे, त्यात नावं लिहून ठेवलीत. मी म्हटलं, नाही, जगले. ती म्हणाली, सॉरी. मला हसू आलं आणि मग फार दमल्यासारखं झालं. मेला असता तर सापडला असता.

मग मी मेडल ड्रॉवरमध्ये टाकलं. बाबांनी फोनवर विचारलं की म्हणायचे, "बघतेय." तुमच्यापैकी जे परदेशात आहेत त्यांना हे "बघतेय" ठाऊक आहे.

गेल्या वर्षी आमच्याकडे थापाजी आले. नेपाळचे, ब्रिटिश फौजेत पंधरा वर्षं काढलेले. माझ्याशी हिंदीत बोलायचे. त्यांचं दुखणं गुडघ्याचं, पण तक्रार पेन्शनची. त्यांच्याच खंदकातल्या गोऱ्याला जेवढी मिळते त्याच्या काही हिश्शानंच त्यांच्या पिढीला मिळाली, कारण त्यांची पेन्शन हिंदुस्थानी फौजेच्या दरांवर बांधलेली. इथं राहायची परवानगीही म्हातारपणी, भांडून मिळाली. तरी राणीचा फोटो उशाशी. मी एकदा वैतागून विचारलं, एवढा राग आहे तर फोटो कशाला? म्हणाले, "नमक मैंने खाया है बेटी. हिसाब उन्होंने गलत किया है, मैंने नहीं."

त्या दिवशी मी मेडल आणून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी राजाकडे पाहिलंच नाही. कडेवरून अंगठा फिरवला. या मेडलांच्या तोंडावर सगळ्यांचं सारखंच असतं. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कडेवर ठोकलेली असते. ते म्हणाले, "किसीने घिसा है. रेती से." त्यांची रेती म्हणजे आपली कानस. मग विचारलं, मेडल घरी कसं आलं?

मला माहीत नव्हतं. बाबांना फोन लावला, स्पीकरवर.

"डाकवाल्यानं आनलं," बाबा म्हणाले. "आजी सांगायची ना. खर्डीला झोपडीत. आजा येऊन दोन-तीन वर्सं झालेली. खोक्यात होतं, आंगठा घेतला नि दिलं."

थापाजी हसायला लागले. पळून गेलेल्याचं मेडल जप्त होतं, म्हणाले. आणि सरकारला त्याचा पत्ता ठाऊक असता तर पोलीस गेला असता, पोस्टमन नाही. पेन्शन? पेन्शनला वर्षं पुरी लागतात. पलटणच मोडली तर वर्षं कुठून भरणार? सगळ्यांनाच तसंच घरी पाठवलं असेल.

मी बाबांना मराठीत सांगितलं. म्हणजे इतकी वर्षं पुरावा आमच्या घरात गोष्ट म्हणून सांगितला जात होता.  

"बाबा, नाव कुणी घासलं?"

"मीच," बाबा म्हणाले.

भातसानगरला धरणाच्या कामावर लागले तेव्हा बाबा अठरा वर्षांचे होते. अभिमानानं मेडल ट्रंकेत नेलेलं. खोलीतल्या एकानं कडेवरचं नाव मोठ्यानं वाचलं: धोंडनाक राघनाक. आमच्या जुन्या नावांना ते नाक लागायचं, आणि त्यावरून जात सरळ कळायची. दुसऱ्या दिवशी बाबांचा पाण्याचा तांब्या बाहेर, पायरीवर ठेवलेला. बाबांनी कानस घेतली आणि दुपारच्या सुट्टीत नावासकट कडेवरचं सगळं घासून काढलं. पलटणीत सुभेदारानं जे शिकवलं ते पणजोबानं नातवाला, म्हणजे बाबांनाही शिकवलं होतं: जेवायच्या आधी आपला नंबर म्हणायचा. बाबांनी तो मलाही शिकवला. बाराशे एकेचाळीस. मी लहानपणी तो पाढ्यातला समजायचे. नंबर तोंडात राहिला, मेडलवरचं नाव गेलं, आणि त्यानंतर भावकीनं म्हटलं नाव कुठंय, तर बाबा काय सांगणार? मला बाबांचा राग आला नाही. मला त्या अठरा वर्षांच्या पोराला जवळ घ्यावंसं वाटलं.

मी राहते त्या छावणीच्या गावात सैनिकांची मेडलं कोरून देणारा एक म्हातारा आहे. त्यानं आधी बजावलं की पुन्हा नाव घातलेल्या मेडलाला बाजारात किंमत राहत नाही. मी म्हटलं, विकायचंय कुणाला. नंबर, शिपाई, धोंडनाक राघनाक, पलटण. त्यानं स्पेलिंग दोनदा विचारलं.

यंदा रजेवर आले आणि बाबांना घेऊन मुरबाडला गेले. डाकवाल्याची गोष्ट, जप्तीचा नियम, मोडलेली पलटण, सगळं चुलतकाकांना सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "आमी उगाच बोललो, दादा." चहा झाला. पेंटर ब्रश घेऊन आला, त्यानं विचारलं काय लिहू.

काकांचा मुलगा म्हणाला, "धोंडिराम लिवू ना? विहारात ते नाक नको. ते सोडलं आपन, आजोबांच्या येळेलाच."

पोराचंही खोटं नव्हतं. सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा आता सत्तरीचे. त्यांनी मेडल पेंटरच्या हातात दिलं.

"ह्यावर हाय तसं लिव. एकदा मी खोडलंय. आता नाय."

पेंटरनं मेडल बघून एकेक अक्षर काढलं. बाबा शेजारी उभे राहून ओठांत नंबर म्हणत होते, आणि मी पण. मला कुणी विचारतं, घर कुठं, तर मी अकरा वर्षं अडखळत होते. माझा पगार तिकडे, भात इकडे, आणि दार कधी लागेल ते माझ्या हातात नाही. पण त्या भिंतीवर आता एक नाव आहे, पूर्ण, आणि ते ज्यानं खोडलं त्यानंच लिहून घेतलंय. परत निघताना बाबांनी मेडल दिलं नाही. म्हणाले, "ह्ये आता इथंच ऱ्हाऊ दे. तू मातर ये गो."