ब्रेकबाईंच्या ओरडण्याचा व्हिडिओ

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या त्या बाईंना शिकाऊ मंडळी पाठीमागे ब्रेकबाई म्हणत. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो आणि बाईंचा पाय त्यावर तयारच असे. तोंड मात्र सुटलेलंच. "आरशात बघा! लिपस्टिक बघायला नाही लावलाय तो!" असं त्या भर चौकात ओरडत, आणि स्टिअरिंगवर बसलेली बाई बँकेची मॅनेजर आहे याचं त्यांना काडीचंही वाटत नसे.

जुन्या मोठ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने या तोंडापायीच त्यांना गाडीतून उतरवून काउंटरवर फॉर्म भरायला बसवलं होतं. सहा महिने फॉर्म भरून बाईंचा जीव विटला. मग त्यांनी स्वतःची गाडी घेतली आणि फक्त घाबरट मोठ्या माणसांना शिकवायचं ठरवलं. आता महिनाअखेरीपर्यंत नवे तीन जण आले नाहीत, तर गाडी विकून परत त्याच काउंटरवर जायचं होतं. फोनवर चौकशा येत. लोक फी विचारत, "कळवतो" म्हणत आणि गडप होत.

"वहिनी, त्यांनी तुम्हाला कुठे पाहिलंय?" नणंद म्हणाली. ती विमा विकायची. अनोळखी माणूस दार का उघडत नाही, हे तिला पाठ होतं. "तुमच्याकडे शिकलेल्यांचे अर्ध्या-पाऊण मिनिटाचे व्हिडिओ घ्या. चौकशी आली की फोन करण्याआधी तो पाठवा. मग बोला."

बाईंनी मनावर घेतलं, म्हणजे घोळ घातला. स्वतःची टिमकी स्वतः वाजवायला लाज वाटते म्हणून त्यांनी एका कागदावर स्तुती लिहिली आणि शिकून गेलेल्या चौघांच्या हातात दिली. चौघेही डोळे वटारून म्हणाले, "येथील प्रशिक्षण अत्यंत समाधानकारक आहे." मधेच बाई कॅमेऱ्यामागून ओरडत, "खांदे सरळ! श्वास घ्या!"

नणंदेने ते बघितले आणि पोट धरून हसली. "अहो, यांना पळवून आणल्यासारखं वाटतंय. कागद फाडा. तीनच गोष्टी विचारा: आधी कसली भीती होती, इथे काय झालं, आता काय जमतं. खिडकीकडे तोंड करून बसवा, फोन स्थिर ठेवा. आणि विचारून झालं की तुम्ही गप्प बसा."

शेवटची अट सगळ्यांत अवघड होती. तरी बाई बँकेच्या मॅनेजरसमोर ओठ मिटून बसल्या.

मॅनेजर म्हणाली, "मला वळण घ्यायची भीती होती. नवरा शिकवायचा, ओरडायचा आणि 'सरक' म्हणून स्वतःच स्टिअरिंगवर बसायचा. मग मी सोडूनच दिलं. या बाई त्याच्याहून जास्त ओरडतात. खरंच, कानठळ्या बसतात. पहिल्याच दिवशी मी फूटपाथवर चाक चढवलं, मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. मी म्हटलं, तुम्ही घ्या. त्या म्हणाल्या, 'मी कशाला घेऊ? चढवलंत तुम्ही, उतरवालही तुम्हीच.' दहा मिनिटं लागली. पण मीच उतरवलं. आता रोज बँकेत मीच गाडी नेते."

बाईंनी रेकॉर्डिंग थांबवलं. ज्या तोंडापायी काउंटरवर बसावं लागलं, तेच आता लोकांना आपण होऊन दाखवायचं?

"ओरडण्याचं काढून टाकू का?" त्यांनी विचारलं.

"मग खरं काय उरलं?" मॅनेजर म्हणाली. "नवीन लोकांना पाठवा की. माझी परवानगी आहे. फक्त नवऱ्याला पाठवू नका."

दुसऱ्या दिवशी एका निवृत्त नर्सची चौकशी आली. बाईंनी तो 'अत्यंत समाधानकारक'वाला व्हिडिओ उघडला, बंद केला, परत उघडला. मग स्वतःवरच चिडून मॅनेजरचा पाठवला आणि फोन उशीखाली ढकलला. झाकली मूठ आता उघडली होती, आणि भीती खरी होती. उद्या ही नर्सही "कळवते" म्हणेल, मग फॉर्म, काउंटर आणि मालकाचं ते हसू.

तासाभराने फोन आला. नर्सने फी विचारली नाही, वेळही नाही.

"ओरडणाऱ्या बाई तुम्हीच ना?"

"हो," बाई पडेल आवाजात म्हणाल्या.

"ओरडा खुशाल. वॉर्डात मीही ओरडत आलेय. पण तीन जणांनी शिकवायला घेतलं आणि तिघांनी मला खाली उतरवलं. तुम्ही 'सरका' म्हणणार नाही ना?"

गाडीतून खाली उतरवणं काय असतं, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "कधीच नाही."

"मग उद्या सकाळी येते. माझ्याबरोबर शिकायला दोघी बहिणीही येताहेत, त्यांनीही व्हिडिओ बघितलाय."