पाहुण्यांच्या चपला

बी.एड.च्या वर्षी मला वरवंडजवळच्या एका वाडीत, समाजमंदिरात भरणाऱ्या एका शिक्षणसंस्थेच्या वाचनवर्गावर इंटर्नशिपला पाठवलं. मुलांची पातळी तपासायची: अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. मागे राहिलेल्यांना पुढच्या पायरीवर न्यायचं. शेवटी अहवाल लिहायचा, त्यात कामं, शिकणं, सूचना. खाली संस्थेच्या समन्वयक सरांचा शेरा आणि सही.

इंग्रजी शाळेतून आल्यामुळे मी मराठी जपून बोलायचे. मुलं हसायची. एक धनगराची मुलगी मात्र हसत नसे. ती अक्षरांवर अडकली होती, हळूहळू उताऱ्यापर्यंत आली. देणगीदार येणार हे कळल्यावर तिने विचारलं, "बाई, पावण्यांम्होरं मी वाचू?"

मी हो म्हणाले.

पाहुणे यायच्या दिवशी सर दौंडहून लवकर आले. तिचं वाचन त्यांनी उभ्याउभ्याच ऐकलं. "अडखळते."

"पण सर, जूनमध्ये तिला अक्षरं येत नव्हती."

"मॅडम, पाहुणे अडखळणं बघायला येत नाहीत." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "तू बाहेर बस. चपलांकडं बघ. कुत्री लई हायत इथं." पोरं हसली.

आत सरपंचांच्या पुतणीने गोष्ट घडाघडा वाचली. ती पहिल्या दिवसापासूनच वाचत होती. सरांनी सांगितलं, "हिला तीन महिन्यांपूर्वी अक्षर येत नव्हतं." टाळ्या पडल्या. खिडकीबाहेरून तोच मजकूर एक आवाज मागोमाग, चाचपडत वाचत होता. सरांनी खिडकी लावून घेतली.

निघताना एका पाहुण्या बाईंनी चप्पल घालता घालता त्या मुलीच्या हातावर गोळी ठेवली. "शाळेत जात नाहीस का गं तू?"

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "हे लोक पाठवत नाहीत हो."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी तिच्या घरी गेले. तिची आई शेण काढत होती, थांबली नाही.

"चपला राखायला कशाला यायचं बाई? घरी मेंढरं हायत की राखायला."

मुलगी दारात होती. आत गेली.

अहवालात मी सूचना लिहिली: पाहुण्यांसमोर प्रत्येक मुलाला वाचू द्यावं; चपला राखण्यासाठी कोणालाही वर्गाबाहेर बसवू नये. सही मिळणार नाही असं वाटलं होतं. सरांनी ती तिथेच केली. शेरा लिहिला: "चपलांची अडचण रास्त आहे. रॅक घेत आहोत. प्रशिक्षणार्थी अबोल, वर्गावर पकड कमी."

कॉलेजात आमच्या प्राध्यापिकांनी तो शेरा सगळ्यांना वाचून दाखवला. म्हणाल्या, सूचना अशी करावी, की संस्थेला लगेच अमलात आणता येईल.

निरोपाला वाडीवर गेले, तेव्हा समाजमंदिराच्या दाराशी लोखंडी रॅक आला होता. मी चपला त्यात ठेवल्या आणि आत गेले.