हिरव्या खुणांचा कागद

सुलभा मगदूम बाईंना राग आला की त्या आवाज चढवत नाहीत. चष्मा काढतात, पदराच्या टोकाने पुसतात आणि पुन्हा डोळ्यांवर चढवतात. मिरजेच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. बाईंचा चष्मा निघाला की मागच्या बाकावरची पोरंही वही उघडायची. निवृत्तीनंतर त्या एका इस्पितळाच्या संशोधन विभागात प्रश्नावल्यांची भाषांतरं करू लागल्या, आणि तिथे चष्मा निघाल्याचा कुणावर काही परिणाम होत नाही, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळून चुकलं.

यंदाची प्रश्नावली पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी सेवा करणाऱ्यांसाठी होती. मूळ इंग्रजी, परदेशातल्या एका बाईंनी तयार केलेली. सेवा करणाऱ्या माणसावर किती भार पडतो, हे त्या प्रश्नांवरून मोजायचं. ज्यांचे गुण जास्त येतील त्यांच्या घरी इस्पितळाकडून आठवड्यातल्या दोन दुपारी मदतनीस बाई जाणार होती. मदतनीस मोजक्या आणि घरं पुष्कळ, त्यामुळे मदत कुणाला मिळणार हे या कागदावर ठरायचं होतं.

कामाची रीत ठरलेली होती. मगदूम बाईंनी मराठी करायचं. मूळ इंग्रजी कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या कुणीतरी त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी करायचं. मग विभागात दोन्ही इंग्रजी कागद शेजारी ठेवून अर्थ कुठे सरकला ते बघायचं: जुळला तिथे हिरवी खूण, सरकला तिथे लाल. परदेशातल्या मूळ लेखिकेला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. आपल्या प्रश्नांचं इकडे काय झालं, हे बघायला तिला एवढीच एक खिडकी.

उलटं भाषांतर पुण्याच्या रेणुका हर्डीकरांकडे होतं. त्या बाईंच्या कॉलेजातल्या जुन्या मैत्रीण. पहिल्या फेरीचा कागद परत आला आणि जुळवताना लाल खुणांनी भरला. मूळ प्रश्न होता, रुग्णाजवळ असताना ताण जाणवतो का. बाईंनी लिहिलं होतं, ‘त्यांचं करता करता जीव मेटाकुटीला येतो का?’ ते इंग्रजीत परतलं ‘अगदी थकून जाता का’ असं. लाल. दुसरा प्रश्न, स्वतःसाठी पुरेसा वेळ मिळतो का. बाईंचं मराठी होतं, ‘घटकाभर निवांत बसायला, कुणाकडे जाऊन यायला मिळतं का?’ तेही लाल.

“मॅडम, तुमचं मराठी फार छान आहे,” डॉक्टर सौरभ आवटी म्हणाले. ते या अभ्यासाचे प्रमुख. सभ्य माणूस, पण सदा घाईत. “म्हणजे वाचायला छान आहे. पण तिकडे फक्त हा इंग्रजी कागद जाणार. तो जुळायला हवा.”

“कागद जुळायला हवा की प्रश्न?”

“दोन्ही. पण आधी कागद.”

बाईंनी चष्मा पुसला. मग बसून सगळं सरळ केलं. ‘ताण जाणवतो का’, ‘स्वतःसाठी पुरेसा वेळ’, ‘सेवेचं ओझं वाटतं का’. शब्दाला शब्द. दुसऱ्या फेरीत रेणुकाताईंकडून परतलेला कागद जुळवला, तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत हिरवा. आवटींनी विभागात पेढे वाटले. बाईंनी अर्धा खाल्ला, अर्धा अण्णांसाठी पुडीत बांधला.

“पेढा कशाचा?” अण्णांनी विचारलं. अण्णा म्हणजे त्यांचे यजमान, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले.

“मी केलेलं वाईट मराठी पास झालं, त्याचा.”

“मग साखर कमी पडलीय,” अण्णा पेढा चघळत म्हणाले.

आता राहिली होती चाचणी. थोड्या घरी जाऊन प्रश्न वाचायचे, उत्तर घ्यायचं, आणि मग प्रत्येक प्रश्नाला विचारायचं, की तुम्हाला यातून काय समजलं? बाई मिरजेजवळच्या बेडगला आक्काताई चौगुलेंकडे गेल्या. पुढच्या सोप्यात खाटेवर त्यांचे मालक पडलेले, डावी बाजू गेलेली. आक्काताई उंबऱ्यात उभ्या राहून भाकरी खात होत्या.

“बसून खा की,” बाई म्हणाल्या.

“बसलं की ह्यांची हाक येती. उभं असलं म्हंजे लगेच जाता येतंय. तुम्ही इचारा.”

बाईंनी वाचलं, सेवा करताना ताण जाणवतो का?

“न्हाई.”

“ताण म्हणजे तुम्हाला काय वाटलं?”

“टेन्शन. ते नातवाच्या परीक्षेचं असतंय आमच्या सुनेला. मला कशाचं?”

स्वतःसाठी पुरेसा वेळ मिळतो का?

“मिळतोय की. घरातच तर असते दिवसभर.”

सेवेचं ओझं वाटतं का?

आक्काताईंचा घास हातातच थांबला. “बाई, असलं काय इचारता? नवऱ्याचं ओझं म्हणू? पाप लागंल. हळू बोला, ऐकतील ते.”

खाटेवरून खरंच हाक आली. आक्काताई भाकरी कोनाड्यात ठेवून गेल्या, त्यांना कुशीवर वळवलं, उशी सारखी केली, तोंड पुसलं आणि परत आल्या. बाईंनी कागदावर पाहिलं. ताण ‘कधीच नाही’, ओझं ‘कधीच नाही’, आणि वेळ मात्र पुरेसा. या बाईचे गुण शून्याच्या आसपास येणार होते, म्हणजे हिच्या घरी कुणी यायचं नाही.

“कुणाकडे, बहिणीकडे वगैरे, शेवटच्या कधी गेलात?” बाईंनी विचारलं. हे कागदावर नव्हतं, पण चाचणीत असं विचारायची मुभा होती.

“कशी जाणार? तिच्या पोरीचं लगीन झालं. अक्षता हितनंच टाकल्या, देवापुढं.” आक्काताई हसल्या. हसता हसता त्यांनी विचारलं, “आणि बाई, हे सगळं तुम्ही कधीचं इचारताय? हे पडले त्या साली मी लई रडले. आता न्हाई रडत. आताचं सांगू का तवाचं?”

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. मूळ इंग्रजीत सुरुवातीलाच लिहिलं होतं, गेल्या महिनाभरातलं सांगा. त्यांनी मराठी कागद उलटसुलट पाहिला. ते वाक्यच नव्हतं. दुसऱ्या फेरीसाठी कागद नव्याने टाइप झाला तेव्हा गळलं असणार, आणि बाईंच्याही नजरेतून सुटलं होतं. पण मग हिरव्या कागदावर ते कुठून आलं? तिथे ते होतं, हे त्यांना पक्कं आठवत होतं.

बसची वाट बघतानाच त्यांनी पुण्याला फोन लावला.

“रेणुका, तुला पाठवलेल्या मराठीत ‘गेल्या महिनाभरात’ असं कुठे होतं?”

“असेल की. बघते थांब.” कागदांची सळसळ ऐकू आली. “नाही गं. पण ते असतंच ना त्यात.”

“कशात?”

“मूळ कागदात. पहिल्या फेरीनंतर सौरभनं मला दोन्ही कागद शेजारी लावून पाठवले होते. म्हणाला, नजर टाका, लाल का झालंय बघा. तेव्हा वाचलं होतं मी.”

“आणि मग दुसरी फेरी तूच केलीस.”

“अगं, मला वाटलं मदतच होईल. मी मुद्दाम नाही केलं.”

“ते मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं. निदान भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही कागद आवटींच्या टेबलावर ठेवले. “डॉक्टर, मराठीत नसलेलं वाक्य इंग्रजीत उगवलंय. हा कागद माझ्या मराठीबद्दल काही सांगत नाही. रेणुकाच्या स्मरणशक्तीबद्दल सांगतो.”

आवटींनी कपाळ चोळलं. “एक वाक्य आहे, मॅडम. घालून टाकू.”

“वाक्य घालाल. पण बाकीच्या हिरव्या खुणांवर विश्वास कसा ठेवणार? आणि दुसरं कुणी केलं तरी ‘ताण’चा ‘ताण’च परतेल. बेडगच्या बाईला त्यातून काय कळलं, ते उलट्या भाषांतरात दिसत नाही. ती म्हणाली, टेन्शन सुनेला असतं.”

“एका बाईवरून?”

“बाकीच्या घरांचे कागदही वाचा. ‘ओझं’ म्हटलं की सगळ्यांनी देवाचं नाव घेतलंय.”

आवटींनी वाचलं. वाचताना त्यांची घाई जरा कमी झाली. “पुन्हा सुरू करायचं तर पावसाळा उलटेल,” ते हळू बोलले. “तोवर एकाही घरी मदतनीस जाणार नाही. तुमच्या बेडगच्या बाईकडेही नाही. हाच कागद घेऊन पुढे गेलो तर निदान काही घरं तरी पुढच्या महिन्यात—”

“चुकीची घरं.”

“काही चुकीची, काही बरोबर. ते चालेल का, हे तुम्ही सांगा.”

बाईंनी चष्मा काढला, पण पुसला नाही, हातातच धरला. कोनाड्यातली भाकरी त्यांना दिसत होती. मग त्या म्हणाल्या, “नाही चालणार.” आणि आवटींपेक्षा त्यांना स्वतःचाच राग आला, कारण थांबावं लागणार होतं ते आक्काताईंना.

पुन्हा सगळं सुरू झालं. उलटं भाषांतर निपाणीच्या एका भूगोलाच्या शिक्षकांकडे दिलं. त्यांनी असल्या प्रश्नावल्या जन्मात पाहिल्या नव्हत्या. मेटाकुटीचे प्रश्न परत आले, आणि त्यांच्याबरोबर लाल खुणाही. या वेळी बाईंनी प्रत्येक लाल खुणेशेजारी लिहिलं, की मूळ प्रश्नाला काय मोजायचं आहे, सरळ शब्द वापरला तेव्हा बायकांनी काय समजून घेतलं, आणि या शब्दांनी काय समजलं. ते चोपडं परदेशी गेलं. उत्तराची वाट बघण्यात गणपती गेले, दसराही गेला. बाई रोज सकाळी विभागात फोन करायच्या. आवटी म्हणायचे, “नाही, मॅडम, अजून नाही.” पुढे पुढे फोन उचलतानाच ते “नाही” म्हणायचे.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा उत्तर आलं. बहुतेक सगळे बदल मान्य. बाईंच्या टिपणांचं कौतुकही होतं, जरा जास्तच गोड शब्दांत. एक प्रश्न मात्र बदलायचा नाही, कारण सगळी मोजणी त्याच कल्पनेवर उभी आहे आणि इतर देशांतही तो तसाच विचारतात. सेवेचं ओझं वाटतं का.

बाईंनी ते पत्र पुन्हा वाचलं. “तिकडच्या बायका ओझं म्हणत असतील,” त्या अण्णांना म्हणाल्या. “इकडची म्हणणार नाही. वाटत नाही म्हणून, की म्हणवत नाही म्हणून, हे त्या कागदावरून कसं कळणार?”

“तुलाच विचारतो,” अण्णा म्हणाले. “इतकी वर्षं माझ्या आईचं केलंस. वाटलं ओझं?”

“गप्प बसा,” बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपणही खूण केली असती ती ‘कधीच नाही’लाच.

खरी फेरी सुरू झाली तेव्हा बेडगला जायला त्यांनी स्वतःचं नाव दिलं. आक्काताईंनी या खेपेला बसून उत्तरं दिली. खाटेवर मालक झोपले होते. ‘जीव मेटाकुटीला येतो का’ म्हटल्यावर त्यांनी खाटेवरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, “लई येळा.” ‘कुणाकडे जाऊन यायला मिळतं का’ म्हटल्यावर, “न्हाई ओ.” गुण वाढत चालले. मदतनीस मिळणार हे बाईंना दिसू लागलं.

मग तो प्रश्न आला. आता चाचणी नव्हती. लिहिलंय तसं वाचायचं, समजावून सांगायचं नाही, शब्द बदलायचा नाही, हा नियम बाईंनीच घरोघर प्रश्न विचारायला घेतलेल्या नव्या मुलींना शिकवला होता.

“सेवेचं ओझं वाटतं का?”

आक्काताईंनी खाटेकडे पाहिलं. “तुम्ही परत तेच इचारता, बाई.”

“विचारावं लागतं.”

“कधीच न्हाई. लिवा.”

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला, आणि ‘कधीच नाही’समोर खूण करून पुढचा प्रश्न वाचला.