पप्पांनी वीस फोटो दिले

माझ्यासाठी स्थळं बघत होते तेव्हा पप्पा माझा एक फोटो द्यायच्या आधी पावण्यांचं गाव, शेती, मामेकूळ सगळं विचारायचे. नकार आला की फोन करून दरडावायचे, "पोरीचा फोटो डिलीट केलासा न्हवं?"

आणि याच माणसानं एका रविवारी मला मोबाइलवर माझंच कार्टून दाखवलं. नऊवारी, नथ, मागं पन्हाळा. त्यासाठी एका अ‍ॅपनं समोरून, बाजूनं, हसताना असे माझे वीस फोटो मागितले आणि पप्पांनी देऊन टाकले.

माझं डोकंच फिरलं. "कंपनी कुठली?"

"कुणाला ठावं? फुकट हुतं की."

मी अटी मोठ्यानं वाचल्या. फोटो ते ठेवणार, त्यावरून आपल्या सॉफ्टवेअरला शिकवणार, वर दुसऱ्या कंपन्यांनाही देऊ शकणार. पप्पांनी घाईनं अ‍ॅप काढून टाकलं.

"अ‍ॅप तुमच्या फोनमधनं गेलं. फोटो त्यांच्याकडंच हायत."

पप्पा हळूच म्हणाले, "त्यांच्या गावात आपलं कोण पावणं हाय का बघ की."

अटी मी परत वरपासून खालपर्यंत वाचल्या. गावाचं नाव कुठंच नव्हतं.