यॉर्माची दुसरी गाडी

आमच्या तोइवक्का गावात ऊर्पो ह्यवारिनेनला लोक जरा घाबरूनच असतात. साधी कार घेऊन कुणी दिसला की हा आधी तिच्या पोटाखाली वाकून बघतो, मग मालकाकडे कीव आल्यासारखं.

यॉर्मा पेलिक्का मोटारींच्या रॅलीत, म्हणजे शर्यतीत, गाडी चालवायचा आणि ती बांधायचा ऊर्पो. शोरूमच्या गाडीचा पत्रा वेल्डिंगच्या नुसत्या ठिपक्याठिपक्यांनी जोडलेला असतो. ऊर्पो गाडी आतून नागडी करून एकेक सांधा वेल्ड करायचा आणि शॉकॲब्सॉर्बर जिथे बसतात तिथे जाड पत्रा चढवायचा. त्या गाडीने आमच्या मातीच्या रस्त्यांवर कित्येक वर्षं उड्या मारल्या, पण चिरली म्हणून कधी नाही.

गेल्या हिवाळ्यात यॉर्मा म्हणाला, "ऊर्पो, सगळं सामान सोडव रे. शहरातून साफ करून आणतो."

ऊर्पोने शॉक काढले. घरच्या गाडीच्या दीडपट वर-खाली खेळणारे, उडीनंतर आपटू न देणारे. जवळजवळचे गिअर असलेला गिअरबॉक्सही काढला. त्याला हायवेवरचा वेग जमत नाही, पण वळणातून गाडी गोळीसारखी सुटते. इंजिनाखालची ॲल्युमिनियमची जाड ढाल काढली, पुसली, घोंगडीत गुंडाळून दिली. वर यॉर्माला सॉसेज भाजून खाऊ घातलं. गाडीचा सांगाडा गोठ्यात सामानाची वाट बघत राहिला, आणि ऊर्पोही.

जुलैत रॅलीच्या तळावर ऊर्पो माझ्याबरोबर सहज गेला, तर एका नव्या कोऱ्या गाडीखाली त्याचीच ढाल! एकेक पोचा ओळखीचा. गाडी यॉर्माची, बांधणारा शहरातला कुणी.

"अरे, सांगणारच होतो," यॉर्मा दुसरीकडे बघत म्हणाला. "तुझं काम चांगलं, पण फार वेळखाऊ, बाबा. आणि आता आलाच आहेस, तर जरा बघ ना."

पहिल्याच उडीत शॉक बसतो तिथे पत्रा चिरला होता. शहरातला मेकॅनिक डोकं खाजवत होता. ऊर्पोने गाडीतला गालिचा उचकटला. आत सगळे ठिपकेच.

"सामान रॅलीचं आणि अंग भाजी आणायच्या गाडीचं!" ऊर्पो म्हणाला. "एवढी चीर जोडतो. पण बाकीचं उडी सोसणार नाही. आजचा दिवस सोडून दे."

"जळतोस लेका तू!"

ऊर्पोने चीर जोडली. जोडायला नको होती, असं मी तिथेच म्हणालो. त्याने ऐकलं नाही. यॉर्मा तशीही गाडी पळवणारच, आणि शेजारच्या सीटवर वाट सांगायला दुसऱ्याचा मुलगा बसणार होता ना.

पुढच्याच टेकाडावर चाक बॉनेटला जाऊन भिडलं. माणसं धडधाकट उतरली. गाडी ओढून आणेपर्यंत यॉर्माने तळभर सांगितलंसुद्धा, "ऊर्पोच्या वेल्डिंगने दगा दिला. मुद्दाम केलं असणार."

ऊर्पो गाडीजवळ गेला. त्याचं वेल्डिंग शाबूत होतं. शेजारचे ठिपके मात्र ओळीने उसवले होते.

"यॉर्मा, इकडे ये. हे बघ."

यॉर्मा कॉफी ढवळत उभा राहिला. बघायला वाकलाच नाही.