जागचे न हललेले लोक

डॉक्टरांच्या परिषदेत कुठल्या सत्राला किती माणसं बसतात हे कळावं, म्हणून पनवेलच्या एका मंगल कार्यालयात प्रत्येक दालनाच्या दारावर मी एकेक माणूस उभा केला. हातात खटका दाबायचं काउंटर. कुणी आत गेलं की एक खटका. सत्र संपलं की आकडा लिहायचा आणि काउंटर शून्यावर आणायचं. पद्धत माझी, आणि तिचा मला भारी तोरा.

त्यात आपटा गावच्या एका वयस्कर डॉक्टरांचं सर्पदंशावरचं सत्र सपशेल पडलं. आकडा इतका लहान, की पुढच्या वर्षी ते वगळा, असं बैठकीत मीच ठासून सांगितलं.

पुढच्या वर्षी दारावरचा माणूस आला नाही, म्हणून काउंटर घेऊन मीच उभा राहिलो. पहिलं सत्र संपल्यावर ते शून्यावर आणलं. दुसरं सुरू झालं तरी कुणी आत येईना. डोकावलो तर दालन भरलेलं! पहिल्या सत्राचे लोक जागचे हललेच नव्हते. आत येणारा मोजायचा, बसून राहिलेला नाही. ही माझी अक्कल. गेल्या वर्षीचं सर्पदंशाचं सत्रही असंच दुसरं होतं.

चहाला ते डॉक्टर भेटले. "गेल्या वर्षी माझं बोलणं रटाळ झालं का हो?" त्यांनी हळूच विचारलं. "मला तर दालन भरलेलं दिसलं होतं. पण या वयात नजर फसवते म्हणा."

मी मान डोलावली.